नाव कमी झाल्याची तारीख

विम्याच्या काउंटरवरच्या बाईंनी कार्डाचा नंबर पुन्हा एकदा कॉम्प्युटरमध्ये घातला आणि पुन्हा तोच चेहरा केला.

"काका, हे कार्ड बंद झालंय."

"बंद कसं होईल? मागच्या वर्षी हिच्या तपासण्यांना चाललं की," कुलूपराव म्हणाले.

कुलूपराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. चिठ्ठीवर सही नसेल तर प्रत्यक्ष मालकालाही साधा वॉशर दिला नाही, म्हणून कामगारांनी त्यांचं हे बारसं केलं होतं. नाव इतकं चिकटलं, की घरी बायकोसुद्धा कधी रागाने, कधी लाडाने त्यांना त्याच नावाने हाक मारी. ती बायको आत्ता मागे प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत दोन गाऊन, टॉवेल, कंगवा आणि घरचा पेला. उद्या तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर मोजकं बोलणारे होते, पण त्यांनीही बजावलं होतं, "आता फार लांबवू नका."

"आम्ही मंजुरीसाठी अर्ज पाठवला होता ना, त्याचं उत्तर सकाळी आलंय," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "नामंजूर."

"अहो, वर्षाचा हप्ता भरलेला आहे! पॉलिसी अजून कितीतरी महिने चालू आहे."

"पॉलिसी चालूच आहे, काका. पण ती कंपनीची आहे, आणि तुम्ही आता कंपनीत नाही."

बाई तुसड्या नव्हत्या, पण दिवसातून दहा जणांना हेच सांगून त्यांच्या आवाजाला इस्त्री झाली होती. त्यांनी समजावलं. कंपनीच्या विम्यात नोकरीचा शेवटचा दिवस तोच विम्याचाही शेवटचा दिवस. बायकापोरं आत असतात ती कामावरच्या माणसामुळे. तो बाहेर पडला की त्याच्यामागोमाग तीही बाहेर. वर्षाचा हप्ता भरलेला असला तरी तो भरणारी कंपनी असते. उरलेल्या महिन्यांचा हिशोब ती आणि विमा कंपनी आपापसात करतात. त्यात गेलेल्या माणसाचा संबंध उरत नाही.

"पण मला काढलेलं नाही," कुलूपराव ताठ होत म्हणाले. "मी राजीनामा दिलाय. स्वतःहून."

"विम्याला दोन्ही सारखंच हो. राजीनामा काय आणि बडतर्फी काय. फक्त एवढंच बघतात, की त्या दिवशी माणूस कंपनीच्या पटावर होता की नव्हता."

कुलूपराव काउंटरवर वाकले. त्यांनी हळूच विचारलं, "आणि निलंबित असतो तर?"

"निलंबित म्हणजे अजून कामावरच की. निकाल लागेपर्यंत नाव पटावर असतं. मग विमाही असता." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "का हो?"

कुलूपरावांनी दुसरंच विचारलं, "मी नोकरी सोडली हे यांना कळलं कसं?"

"मोठं ऑपरेशन असलं की ते कंपनीला विचारून घेतात. तुमच्या एचआरने लेखी कळवलंय, की हे गृहस्थ आता सेवेत नाहीत. सोडल्याची तारीखही दिलीय."

एचआर म्हणजे काही फार मोठी फौज नव्हती. त्या कारखान्यात विम्याचा पत्रव्यवहार एकच माणूस बघायचा. आणि तो माणूस मागच्या खुर्चीत पिशवी घेऊन बसलेल्या बाईचा सख्खा धाकटा भाऊ होता.

"अजून एक," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "नोकरी सुटताना त्याच विमा कंपनीकडे स्वतःच्या नावावर पॉलिसी मागता येते. जुनी वर्षं धरतात, म्हणजे आधीच्या आजारासाठी नव्याने थांबावं लागत नाही. आजार बघून द्यायची की नाही ते तेच ठरवतात, पण मागता तरी येते. त्याला मुदत असते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मग मुदत गेली असेल. दोन महिने होत आले की."

कुलूपराव वळले. बायकोने विचारलं, "काय म्हणतात? खोली मिळाली का?"

"उद्याचं रद्द झालंय. मशीन बिघडलंय म्हणे," ते म्हणाले. बावीस वर्षांत एका खिळ्याचाही खोटा हिशोब न दिलेल्या माणसाचं हे खोटं इतकं कच्चं होतं, की ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पिशवी उचलून त्यांच्यामागून चालू लागली.

*

झालं होतं ते असं. वार्षिक मोजणीत पितळी सुटे भाग कमी भरले. स्टोअर कुलूपरावांच्या ताब्यात, म्हणजे संशयही त्यांच्यावरच. आरोपपत्र आलं, निलंबन झालं, चौकशीची तारीख पडली. कुलूपराव डगमगले नाहीत. कर नाही त्याला डर कशाला, असा त्यांचा साधा हिशोब. माल कुठल्या गेटपासवर बाहेर गेला ते चौकशीत निघेल, आणि त्या पासांवर कुणाच्या सह्या आहेत तेही निघेल, असं ते बायकोला ठासून सांगत होते.

अशात एका संध्याकाळी मेहुणा आला. तो त्याच कारखान्यात एचआर ऑफिसर. चाळिशी उलटलेला, टक्कल पडायला लागलेला, पण बहिणीसाठी अजून छोट्याच. बहिणीने त्याला लहानपणी कडेवर घेऊन वाढवलं होतं, आणि तो ऑफिसर झाला तेव्हा स्वतःच परीक्षा पास झाल्यासारखी ती गल्लीभर सांगत सुटली होती. तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसला. ती ओट्यापाशी भाजी चिरत होती. दाजी दारात उभे.

"दाजी, चौकशीचं काही खरं नसतं," तो म्हणाला. "उद्या बडतर्फ केलं तर कायमचा डाग लागेल. विमा त्याच दिवशी बंद. ताईचं ऑपरेशन तोंडावर आलंय. त्यापेक्षा राजीनामा द्या. सन्मानाने सुटाल आणि विमा वर्षभर राहील. हप्ता भरलेलाच आहे ना!"

"पण मी चोरी केलेली नाही, मग पळू कशाला?"

"पळायचं कुठं आहे? उद्या सही करा, उद्याच मोकळे. नोटिशीचा पगारही देतील, मी बोललोय."

कुलूपराव अडून बसले होते. त्यांना हलवलं ते बायकोने. सुरी बाजूला सारून ती म्हणाली, "तो काय परका आहे? घरचा माणूस सांगतोय. तुमच्या ताठ्यापायी माझं ऑपरेशन अडकायला नको."

यापुढे काही बोलायला जागाच नव्हती. ज्या माणसाने सहीशिवाय कुणाला वॉशर दिला नाही, त्याने बावीस वर्षांची नोकरी मेहुण्याच्या तोंडी शब्दावर देऊन टाकली. शहाण्यांची अक्कल अशीच जाते, आणि जाते तीही घरच्यांच्या भरवशावर.

*

हॉस्पिटलातून बायकोला घरी सोडून ते तसेच कारखान्यावर गेले. गेटवरचा पहारेकरी पूर्वी त्यांना बघून उभा राहायचा. आजही राहिला, पण हात आडवा धरून. "आत नाही सोडता येणार, काका. कुणाला बोलवू?"

मेहुणा सायकल स्टँडपाशी आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. त्याने दाजींचं तोंड पाहिलं आणि मोबाइल खिशात घातला.

"तू लिहून दिलंस?" कुलूपरावांनी विचारलं.

"दाजी, आधी ऐकून घ्या. मी तुमचं नाव कमी केलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"सोडून गेलेल्यांची नावं आम्ही महिनाअखेरीला विमा कंपनीला एकदम कळवतो. तोवर त्यांच्याकडे माणूस चालूच दिसतो. मी गेल्या महिन्यात तुमचं नाव मुद्दाम मागे ठेवलं. म्हटलं, तेवढ्यात ताईचं ऑपरेशन उरकून जाईल. बऱ्याचदा कुणी विचारत नाही हो. पण यांनी थेट मेल टाकला, आणि त्या मेलवर मोठे साहेबही होते. साहेबांच्या डोळ्यांदेखत मी काय लिहिणार? तुम्ही कामावर आहात म्हणून?"

"कार्ड चाललं असतं, तरी उद्या त्यांनी तारीख बघून पैसे परत मागितले असते की."

दोन कामगार सायकली काढायला आले. त्यांनी कुलूपरावांना ओळखलं, नमस्कार करावा की करू नये या विचारात पडले आणि न करताच गेले.

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं," कुलूपराव म्हणाले. "सही करायच्या दिवशीच विमा गेला हे तुला माहीत होतं. निलंबित राहिलो असतो तर हिचं ऑपरेशन झालं असतं, हेही माहीत होतं. तू तेच काम करतोस रे! भाजीवाल्याला भाजी ओळखता येत नाही असं का होईल?"

"मोठ्या साहेबांना चौकशी नको होती. ते म्हणाले, तुझे नातेवाईक आहेत, तूच समजाव. मी नाही म्हटलं असतं तर माझ्यावर उलटलं असतं. मला वाटलं, मधल्या वेळात भागून जाईल."

"विमा कंपनीला खरं लिहिलंस, चांगलं केलंस. त्यातलं चिमूटभर खरं तुझ्या बहिणीला का नाही सांगितलंस?"

"दाजी, मला जमलं असतं तर मी ताईला माझ्याच पॉलिसीत घेतलं असतं. पण बायको, मुलं, आईवडील, एवढेच बसतात. बहीण बसत नाही."

कुलूपरावांना हसू आलं. फार वाईट हसू होतं ते. त्यांना त्याची कॉलर धरावीशी वाटली, पण गेटवरचा पहारेकरी बघत होता, आणि चोर म्हणून गेलेल्या माणसाने मारामारी केली तर ती गोष्ट पुढची वीस वर्षं कँटीनला पुरली असती. ते वळून चालू लागले.

*

बायकोला सांगावं लागलंच. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "माझ्या समोर बसून खोटं बोलला?" आणि मग पुन्हा, जणू काही पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं, "माझ्या समोर?"

त्या रात्री तिने भाऊ ऑफिसर झाला तेव्हाचा भिंतीवरचा फोटो उतरवला नाही, की शिव्याशापही दिले नाहीत. फक्त भांडी घासताना एवढी आपटली, की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावलं. कुलूपरावांना तिचा राग बघून बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या बाजूने कुणीतरी चिडलं होतं.

सरकारी रुग्णालयात नाव घातलं. तिथे रांग होती. डॉक्टरने कागद बघून मान डोलावली आणि सांगितलं, नंबर लागला की कळवू, मधे धाप वाढली तर सरळ या. "कधी लागेल?" या प्रश्नाला त्याने हात वर केला. तो हात देवाकडे होता की छताकडे, ते कळलं नाही.

मग कुलूपराव कामगार अधिकाऱ्याकडे गेले. जुन्या इमारतीतलं ऑफिस, वरच्या मजल्यावर, जिन्याला मोठमोठ्या पायऱ्या. अधिकारी वयस्क होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"फसवून राजीनामा घेतला हे दिसलं, तर मी कंपनीला म्हणू शकतो की तो परत द्या. मग तुम्ही पुन्हा निलंबित. हसू नका, तुमच्यासाठी तीच बढती आहे. नाव पटावर आलं की कंपनीने विमा कंपनीला कळवायचं, चुकून कमी झालं, मागच्या तारखेपासून परत घ्या. कंपनीने मनावर घेतलं तर होतं हे."

"आणि नाही घेतलं तर?"

"मी न्यायाधीश नाही. मी दोघांना समोरासमोर बसवतो, बस्स. नाही पटलं तर कोर्ट. आणि कोर्टात तुमच्या बाईंची झडप वाट बघत बसणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "लेखी आहे काही? विमा राहील असं?"

"नाही. तोंडीच बोलला."

"ऐकणारं कोण होतं?"

"माझी बायको."

"मग आणा त्यांना. त्या समोर बसून बोलल्या, तर कंपनी फार ताणणार नाही. गेटपासांची चौकशी कुणालाच नको असते."

बायको लगेच तयार झाली. "येते. ओट्यापाशीच उभी होते मी. शब्द न् शब्द सांगते." कुलूपरावांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्या आठवड्यात ते पुन्हा दाढी करू लागले. गल्लीत मान वर करून चालू लागले. कुणी विचारलंच तर म्हणत, "होईल सगळं नीट. घरची माणसं पाठीशी आहेत."

*

बैठकीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी छोट्या आला. कुलूपरावांनी दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. तो आपणहून आत गेला. कुलूपराव बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसले. पडदा पातळ होता, आणि पेपरातलं एक अक्षर त्यांना दिसत नव्हतं.

"ताई, तू उद्या बोललीस तर मोठे साहेब हात झटकतील," आतून आवाज आला. "म्हणतील, आम्ही याला असं सांगायला सांगितलंच नव्हतं, याने मनाने सांगितलं. मला घालवतील. त्यांनी तसं बोलूनही दाखवलंय."

"मग जाऊ दे नोकरी. दुसरी बघ. यांना कुणी दिली का बघून?"

"माझं सोड. आईचं काय?"

आई छोट्याकडे राहायची. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कुलूपरावांना हे माहीत होतं, घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. पण आईच्या सुईचा खर्च कुठून येतो, याचा विचार त्यांनी आजवर केला नव्हता.

"आई माझ्या पॉलिसीवर आहे," छोट्या म्हणाला. "मला काढलं, की त्या दिवसापासून..."

"कळलं," बहीण म्हणाली. "ते मला आता पाठ आहे."

"स्वतंत्र विमा तिला कुणी देणार नाही, ताई. आणि सरकारी ठिकाणी मशीनला नंबर लागेपर्यंत... तूच सांग."

"आईला हे काही बोललास?"

"नाही."

"बोलू नकोस. जा आता."

तो पडदा सारून बाहेर आला. डोळे लाल होते. कुलूपरावांकडे न बघता चपला शोधू लागला. त्यांना त्याची कीवही आली असती, पण त्याचा आईचा पुळका आजच कसा बाहेर आला, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. राजीनाम्याच्या संध्याकाळी त्याला स्वतःची नोकरी आठवली, आणि आज आई. बहीण मात्र दोन्ही वेळा आठवली नाही.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "उद्या येतेस ना?"

"येते म्हटलंय ना," ती म्हणाली.

*

लांब टेबल, मधे पाण्याचा जग. एका बाजूला मोठे साहेब, त्यांच्याशेजारी छोट्या. समोर कुलूपराव आणि बायको. जिना चढून तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. अधिकाऱ्यांनी तिला पाणी दिलं, थोडं थांबले, मग सुरुवात केली.

कुलूपरावांनी आपलं सांगितलं. आवाज चढला नाही, काही विसरलं नाही. मोठे साहेब मधेमधे मान हलवत होते, कौतुकाने हलवावी तशी. त्यांचं बोलणं मोजकंच होतं. राजीनामा स्वखुशीचा, त्यावर तसं लिहिलेलं, नोटिशीचा पगार घेतलेला. विम्याबद्दल कंपनीने कुणालाही काही आश्वासन दिलेलं नाही. "तसं कुणी सांगितलं असेल, तर ती फार गंभीर बाब आहे," असं म्हणून त्यांनी छोट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छोट्याची मान खाली होती.

अधिकारी बायकोकडे वळले. "बाई, तुमचे भाऊ घरी आले होते, तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"होते."

"राजीनामा दिला तरी विमा वर्षभर चालू राहील, असं ते म्हणाले होते?"

तिने भावाकडे पाहिलं. भावाने टेबलाकडे पाहिलं. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, ते थांबेपर्यंत ती थांबली.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

कुलूपरावांना वाटलं, तिने प्रश्न नीट ऐकला नाही. "अगं, ओट्यापाशी तू..."

"तुम्ही मधे बोलू नका," अधिकारी म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आवाज मऊ केला. "नीट आठवा, बाई. घाई नाही. विम्याचं काही बोलणं निघालं होतं का?"

"माझं लक्ष नव्हतं. मी भाजी चिरत होते."

मोठ्या साहेबांनी फाइल मिटली. छोट्याने डोळे पुसले की नुसता चेहरा चोळला, ते कळलं नाही. अधिकाऱ्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना काहीतरी समजलं असावं, पण समजलेलं लिहून घेता येत नाही. लिहून घेता येतं ते फक्त बोललेलं. त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, आणि तिने जिथे सांगितली तिथे सही केली.

कुलूपरावांनी आजवर बरंच सोसलं होतं. पितळेचा आळ सोसला, मेहुण्याचा दगा सोसला, गेटवर आडवा आलेला हात सोसला. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट शाबूत होती. घरी एक माणूस होतं, ज्याला खरं काय ते ठाऊक होतं. आज त्या माणसाने चार लोकांसमोर सांगितलं, की मला ठाऊक नाही. आता ते साऱ्या जगाच्या लेखी चोर होते, आणि वर खोटारडे. असा एकटेपणा त्यांना उभ्या जन्मात कधी वाटला नव्हता.

जिन्यात मधल्या टप्प्यावर तिला धाप लागली. ती पायरीवर बसली. कुलूपराव दोन पायऱ्या खाली उभे राहिले. हात पुढे केला नाही. तिनेही मागितला नाही.

"तू मला खोटं पाडलंस," ते म्हणाले.

"हो."

"त्याला वाचवलंस. ज्याने तुझा गळा कापला त्याला."

"त्याला नाही वाचवलं." श्वास घ्यायला ती थांबली. "मला रांग तरी आहे हो. आज नाही तर दोन महिन्यांनी लागेल नंबर. आईचं परवाचं डायलिसिस चुकलं तर पुढच्या आठवड्यात आई नाही."

"आणि दोन महिने तू टिकली नाहीस तर?"

वरून पावलं वाजली. छोट्या उतरत होता, एकटाच. त्यांना बघून थबकला. "ताई, गाडी आहे खाली. मी सोडतो."

"तू आईला वेळेवर नेत जा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तेवढंच कर. आमच्या घरी येऊ नकोस आता."

तो भिंतीला अंग चोरून त्यांच्यामधून खाली गेला. त्याच्या बुटांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला. मग गाडी सुरू झाल्याचा.

कुलूपराव कठड्याला टेकून उभे होते. त्यांना ओरडायचं होतं, पण ओरडायला समोर होती ती एक धापा टाकणारी बाई, ओठ निळसर पडलेली, आणि तिच्याशिवाय त्यांचं या जगात दुसरं कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज एखाद्या लहान मुलासारखा झाला.

"तुला आठवतंय ना गं सगळं?"

"शब्द न् शब्द," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून उठली.